राजीनाम्यात त्रासाचं कारण लिहावं का, आणि लिहायचं तर कोणत्या शब्दांत?

प्रश्न: मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. तीन वर्षं झाली. विभागप्रमुख सगळ्यांसमोर अपमान करतात, रात्री-अपरात्री फोन करतात. एचआरला दोनदा मेल केला, काही झालं नाही. आता सोडायचं ठरवलंय. राजीनाम्यात खरं लिहिलं तर रिलीव्हिंग लेटर अडवतील, आणि नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहिलं तर उद्या माझ्यावरच उलटेल अशी भीती वाटते. आरोप न करता काय लिहू?

उत्तर:

राजीनाम्यात कारण लिहा, पण घटना लिहू नका. घटनांची जागा तक्रारीच्या मेलमध्ये. राजीनाम्यात त्या मेलच्या तारखा आल्या की पुरे. हे दोन कागद वेगळे ठेवले की तुमच्या दोन्ही भीतींवर बराचसा उपाय होतो.

वेगळे का ठेवायचे, तर ते वाचणारी माणसं वेगळी असतात. तक्रार वाचतो तो त्यावर काही करण्याचा अधिकार असलेला माणूस. राजीनामा मात्र एचआरकडून पगारपत्रक बघणाऱ्याकडे जातो, अकाउंट्समध्ये जातो, तुमच्या फाइलला लागतो, आणि नवी कंपनी चौकशी करते तेव्हा ती फाइल पुन्हा उघडली जाते. ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही अशा पाच-सात जणांच्या हातात तुम्ही एका माणसाचं नाव आणि त्याच्याबद्दलचं मत देऊन बसता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे आणि त्याला अपवादही आहेत. त्यातला एक असा, की त्या माणसावर कायदेशीर अधिकार असलेल्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. म्हणजे एचआरला किंवा संचालकांना केलेल्या तक्रारीला या अपवादाचा आधार घेता येतो. तोच मजकूर राजीनाम्यात घालून अख्ख्या ऑफिसला किंवा बाहेरच्या खरेदीदाराला सीसी केला, तर तो आधार डळमळतो.

दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. राजीनामा बहुतेक जण संतापाच्या दिवशी लिहितात. त्या दिवशी तारीख चुकते, 'रोज' आणि 'नेहमी' असे शब्द येतात. पुढे कधी प्रकरण उभं राहिलंच तर समोरचा वकील त्यातलं एकच चुकीचं वाक्य धरतो आणि बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही संशय उभा करतो.

आता 'वैयक्तिक कारणास्तव' या शब्दांकडे येऊ. तुमची भीती रास्त आहे. परिस्थितीमुळे सोडावं लागलं असं तुम्ही नंतर कुठेही म्हणालात, तर कंपनी पहिला कागद हाच काढेल. त्याहून घातक आहे तो 'स्वखुशीने'. तयार नमुन्यात 'मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय राजीनामा देत आहे' असं वाक्य असतं आणि लोक ते जसंच्या तसं उतरवतात. ते गाळा. 'येथील अनुभव अत्यंत आनंददायी होता', 'वरिष्ठांनी नेहमीच मार्गदर्शन केले' ही आभाराची वाक्यंही गाळा. सभ्यपणा म्हणून लिहिलेली ही वाक्यं तुमच्याच तक्रारीच्या मेलच्या विरुद्ध साक्ष देतात. आभार मानायचेच असतील तर सहकाऱ्यांचे माना, तेही एका ओळीत.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. कारण न लिहिणं आणि खोटं कारण लिहिणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. 'मी या पदाचा राजीनामा देत आहे, शेवटचा दिवस अमुक' एवढंच पत्र दिलं तर तुम्ही काहीच सोडून देत नाही, कारण आधीचे मेल जागेवर असतात. त्यामुळे रिलीव्हिंग लेटरसाठी फारच अडवणूक झाली, तर माघार घ्यायची ती अशा बिनकारणाच्या पत्रापर्यंत. 'वैयक्तिक कारण' या शब्दांपर्यंत घ्यायची नाही.

आधीचे मेल तपासा

राजीनाम्याचा सगळा भार तुमच्या दोन मेलवर पडणार आहे, म्हणून ते आधी उघडून वाचा. बहुतेकांचे मेल असे असतात: 'साहेब खूप त्रास देतात, मानसिक छळ चालू आहे, कृपया लक्ष घाला.' यात तारीख नाही, जागा नाही, शब्द नाहीत. असा मेल केल्याची नोंद राहते, पण काय घडलं याची राहत नाही. तुमचे मेल तसे असतील तर राजीनाम्याच्या दहाएक दिवस आधी तिसरा मेल करा. त्यात नवीन संताप नको, आधीच्या दोन मेलचा तपशील हवा.

'छळ' हा निष्कर्ष आहे, तो काढण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडा. तुम्ही द्यायचं ते असं: कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, कुठे, कोण काय बोललं किंवा काय केलं, कोण हजर होतं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. एखादं वाक्य आरोपाचं झालंय की वस्तुस्थितीचं, हे ओळखायची सोपी कसोटी आहे. तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला ते दिसलं किंवा ऐकू आलं असतं का? 'फाइल टेबलावर फेकली' हे दिसतं. 'मला खच्ची करण्यासाठी फेकली' यातला हेतू कुणालाच दिसत नाही. 'जाणूनबुजून', 'सूडबुद्धीने', 'मुद्दाम' हे शब्द या कसोटीवर आपोआप गळतात. 'सतत' आणि 'वारंवार' यांच्या जागी आकडा येतो.

तुमच्यासारख्याच प्रकरणात तो मेल कसा दिसेल, ते पाहा. तपशील नमुन्यापुरते घेतले आहेत.

> दि. ३० जानेवारी २०२६
> विषय: माझ्या १५ डिसेंबर २०२५ व १९ जानेवारी २०२६ च्या मेलचा तपशील
>
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
>
> वरील दोन मेलमध्ये मी तारखा दिल्या नव्हत्या. त्या नोंदीसाठी देत आहे.
>
> २४ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास डिस्पॅच विभागात, पॅकिंग लिस्टमध्ये कार्टनची संख्या १४८ ऐवजी १८४ पडल्याचे लक्षात आले. ही चूक माझी होती व ती मी त्याच दिवशी दुरुस्त करून दिली. त्या वेळी विभागप्रमुख श्री. … यांनी "अक्कल गहाण ठेवलीस का, घरी बस" असे शब्द वापरले व फाइल टेबलावर फेकली. विभागातील दोन सहकारी उपस्थित होते.
>
> ८ डिसेंबर २०२५ रोजी रात्री १०.४० व ११.१५ वाजता त्यांचे मला फोन आले. दुसऱ्या फोनवर "उद्या येऊन दाखव, बघतो" असे ते म्हणाले. कॉल लॉगची प्रत जोडली आहे.
>
> १२ जानेवारी २०२६ पासून मला निर्यात कागदपत्रांऐवजी गोदामातील मोजणीचे काम देण्यात आले आहे. याचा लेखी आदेश मला मिळालेला नाही. मी तोंडी कारण विचारले असता ते सांगण्यात आले नाही.
>
> १५ डिसेंबरच्या मेलनंतर १८ डिसेंबर रोजी आपली माझ्याशी चर्चा झाली. "वरिष्ठांशी बोलून कळवतो" असे आपण सांगितले होते. १९ जानेवारीच्या मेलला उत्तर मिळालेले नाही.
>
> याबाबत काय कार्यवाही झाली किंवा होणार आहे, ते ६ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मेलने कळवावे, ही विनंती.

यात स्वतःची चूक मान्य केली आहे, ती मुद्दाम. कंपनीचं पहिलं उत्तर 'कामात चुका होत्या म्हणून बोललो' हेच असतं. तुम्हीच ती चूक आधी सांगितली, ती त्याच दिवशी दुरुस्त झाली हेही सांगितलं, की त्या उत्तराची धार जाते. दुसरी गोष्ट, १८ डिसेंबरची तोंडी चर्चा. एचआरशी झालेलं बोलणं कागदावर येत नाही आणि पुढे 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं होतं. ते बोलणं तुम्ही मेलमध्ये घातलंत आणि समोरून खंडन आलं नाही, तर निदान तुमच्या बाजूची नोंद त्या-त्या वेळची राहते.

हजर असलेल्या सहकाऱ्यांची नावं मेलमध्ये विचारल्याशिवाय घालू नका. त्यांना तिथेच नोकरी करायची आहे. नाव न विचारता घातलं की माणूस घाबरतो आणि 'मी काही ऐकलं नाही' असं लिहून देतो. मग साक्षीदार नसण्याहूनही वाईट परिस्थिती होते. घरच्या वहीत नावं लिहून ठेवा, चौकशी लागली तर तिथे द्या. अपमानाचे शब्द मात्र सौम्य करू नका. 'अपशब्द वापरले' यावरून काहीच कळत नाही. आठवत असतील तेच शब्द अवतरणात लिहा. बोलणं कन्नड किंवा तेलुगूत झालं असेल, आणि सोलापुरात ते होतंच, तर मूळ शब्द देवनागरीत लिहून पुढे त्यांचा अर्थ द्या. नीट आठवत नसेल तर 'अशा अर्थाचे शब्द' असं स्पष्ट लिहा.

पुरावा जमवताना एक गोष्ट बरेचदा चुकते. सोडायच्या आधी लोक ऑफिसच्या मेलमधलं सगळंच स्वतःच्या मेलवर पाठवून देतात. त्यात खरेदीदारांच्या याद्या, दर, इनव्हॉइस जातात. मग कंपनीला तुमच्याविरुद्ध गोपनीयतेच्या भंगाचा मुद्दा आयता मिळतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. फक्त तुमच्याशी थेट संबंधित गोष्टी ठेवा: तुम्ही केलेले तक्रारीचे मेल, त्यांना आलेली उत्तरं, तुमच्या फोनवर आलेले मेसेज, कॉल लॉग, हजेरीची नोंद, पगाराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र. व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि मेसेजची तारीख दिसली पाहिजे. मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा तो कोणत्या उपकरणातून काढला हा प्रश्न येतोच.

राजीनामा

वरच्या मेलला ६ फेब्रुवारीपर्यंत उत्तर आलं नाही असं धरू. मग ९ तारखेचं पत्र असं:

> दि. ९ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> विषय: कनिष्ठ अधिकारी, निर्यात कागदपत्रे, या पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी वरील पदाचा राजीनामा देत आहे. माझा कर्मचारी क्रमांक … आहे. नियुक्तीपत्रातील ३० दिवसांच्या नोटिशीच्या अटीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस ११ मार्च २०२६ असेल.
>
> कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबाबत मी १५ डिसेंबर २०२५, १९ जानेवारी २०२६ व ३० जानेवारी २०२६ रोजी आपणांस मेल केले आहेत. शेवटच्या दोन मेलना आजपर्यंत मला लेखी उत्तर मिळालेले नाही. या परिस्थितीत येथे काम चालू ठेवणे मला शक्य नाही, म्हणून मी हा निर्णय घेतला आहे. वरील मेलमधील मजकूर कायम आहे.
>
> माझ्याकडील काम मी लेखी यादीसह सोपवेन. नोटिशीच्या काळात माझे रिपोर्टिंग विभागप्रमुखांऐवजी आपल्याकडे किंवा आपण ठरवाल त्या अधिकाऱ्याकडे द्यावे, ही विनंती.
>
> शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेची देय रक्कम, अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्तीचे पत्र मिळावे. यापुढील पत्रव्यवहार माझ्या … या वैयक्तिक मेलवर करावा.
>
> आपली,
> (सही व पूर्ण नाव)

विषयाच्या ओळीत 'छळामुळे' किंवा 'त्रासामुळे' नाही, कारण इनवर्ड रजिस्टरमध्ये नेमकी तीच ओळ उतरवली जाते. शेवटच्या दिवसाची तारीख तुम्हीच काढून लिहा. पत्राचा दिवस सोडून १० फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला, की फेब्रुवारीतले १९ आणि मार्चचे ११ मिळून ३० होतात. नियुक्तीपत्रात '३० दिवस' आहे की 'एक महिना', हे बघून घ्या. फेब्रुवारीत या दोन्हींत दोन दिवसांचा फरक पडतो, आणि हिशेब करताना तेवढ्या दिवसांचा पगार कापलेला आढळतो.

दुसरा परिच्छेद हा या पत्राचा गाभा. 'कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबाबत' हे शब्द कुणाकडे बोट दाखवत नाहीत, पण कारण वैयक्तिक नाही हे सांगतात. 'आपण दुर्लक्ष केले' असं न लिहिता 'मला लेखी उत्तर मिळालेले नाही' असं लिहिलंय. त्यांनी आतल्या आत काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला काय मिळालं नाही, ते मात्र पक्कं माहीत आहे. 'तुम्ही मला नोकरी सोडायला भाग पाडलं' याऐवजी 'काम चालू ठेवणे मला शक्य नाही' आलंय, कारण हे वाक्य तुमच्याबद्दलचं आहे आणि ते कुणी खोडू शकत नाही. 'मजकूर कायम आहे' ही ओळ छोटी दिसते, पण ती गाळू नका. ती नसेल तर राजीनाम्यानं प्रकरण मिटलं, तक्रार आपोआप मागे घेतली गेली, असा अर्थ काढायला जागा राहते. विभागप्रमुखांचा उल्लेख पूर्ण पत्रात एकदाच आहे, तोही फक्त पदाने.

रिपोर्टिंग बदलायची विनंती मान्य होईलच असं नाही. झाली नाही आणि तिथे जाणं अगदीच असह्य झालं, तरी न सांगता घरी बसू नका. गैरहजेरी लावली जाते आणि नोटिशीचा पगार वसूल करायला कारण मिळतं. शिल्लक रजा लावून मिळावी किंवा नोटिशीचा काळ कमी करावा, अशी विनंती वेगळ्या मेलने करा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर तो कागद जोडा. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर मात्र नोटिशीचे दिवस मोजत बसू नका, पोलिसांत वेगळी तक्रार द्या.

पत्र मराठीत की इंग्रजीत, हेही विचारलं जातं. ज्या भाषेत प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेता येईल त्या भाषेत लिहा. इंग्रजी नमुन्यातून उचललेले भारी शब्द पुढे तुम्हालाच समजावून सांगावे लागतात.

पत्र द्यायचं कसं

दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असं लिहून सही, तारीख आणि शिक्का घ्या. त्याच दिवशी सही केलेल्या पत्राची पीडीएफ मेलनेही पाठवा, शक्यतो वैयक्तिक मेलवरून. राजीनामा पोचताच ऑफिसचा मेल बंद होण्याचे प्रकार होतात, आणि मग पाठवलेला मेल तुम्हालाच उघडता येत नाही. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, टपालाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्टाची जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट करताना पोचपावती हवी असं वेगळं सांगा. पावती आणि ट्रॅकिंगच्या पानाची प्रिंट पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. नुसतं व्हॉट्सअॅपवर पत्र टाकून मोकळं होऊ नका.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी एचआर बोलावून घेतं आणि सांगतं, 'ताई, हा दुसरा परिच्छेद काढा, वैयक्तिक कारण लिहा, उद्याच लेटर देतो.' तिथल्या तिथे सही करू नका. 'विचार करून सांगते' म्हणा आणि घरी येऊन एका ओळीचा मेल करा: 'आज दुपारच्या चर्चेत मला राजीनाम्याचा दुसरा परिच्छेद वगळून नवीन पत्र देण्यास सांगण्यात आले. माझे ९ फेब्रुवारीचे पत्र कायम आहे.' बऱ्याचदा या मेलनंतर आग्रह थंडावतो. नाहीच थंडावला आणि नवी नोकरी त्या लेटरवर अडली असेल, तर वर सांगितलेलं बिनकारणाचं पत्र द्या. त्यावर त्या दिवसाचीच तारीख घाला, मागची घालू नका.

ऑनलाइन पोर्टलवर राजीनामा टाकायचा असेल तर कारणांची ठरावीक यादी येते: उच्च शिक्षण, चांगली संधी, कौटुंबिक. 'इतर' निवडा, शेऱ्यात '९ फेब्रुवारी २०२६ चे पत्र पाहावे' लिहा आणि पाठवायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्येही तसंच करा. तो फॉर्म गोपनीय असतो असं सांगितलं जातं, म्हणून कुणी तिथे मन मोकळं करतं. माझ्या मते ते टाळावं. जे तीन मेलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा वेगळं किंवा जास्त तिथे काही नको.

लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर

तुम्ही लिहिलेला प्रकार अपमान आणि रात्री-अपरात्रीचे फोन असा आहे. पण त्यात लैंगिक शेरे, नको असलेला स्पर्श, तशी मागणी किंवा तशा स्वरूपाचं बोलणं-वागणं असेल, तर रस्ता बदलतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार तिच्याकडे लेखी द्यायची. दहापेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तिची माहिती सोलापुरात जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळेल.

अशा प्रकरणात राजीनाम्यात घटनेचा शब्दही नको आणि त्या माणसाचा पदानेही उल्लेख नको. कायद्याचं कलम १६ तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करायला मनाई करतं. 'अंतर्गत समितीकडे दि. … रोजी केलेल्या अर्जाची कार्यवाही माझ्या राजीनाम्यानंतरही चालू राहावी' एवढंही पुरतं, आणि तेही अर्ज देऊन झाला असेल तरच.

यात मुदत फार महत्त्वाची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते, पण ते तिच्या हाती आहे. २४ नोव्हेंबरची घटना शेवटची असेल तर मुदत २४ फेब्रुवारीला संपते आणि तुमची नोटीस ११ मार्चला. 'आधी लेटर हातात येऊ दे, मग तक्रार करू' असं ठरवलं तर नोटिशीच्या मधल्या दिवसांतच मुदत निघून जाते. नोकरी सोडलेल्या महिलेलाही तक्रार करता येते, पण म्हणून मुदत वाढत नाही. पुरावा अपुरा पडला तर आपल्यावरच कारवाई होईल ही भीतीही अनेकींना असते. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून कारवाई करता येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. कारवाई होते ती तक्रार द्वेषाने किंवा खोटं माहीत असून केल्याचं चौकशीत ठरलं तर.

लैंगिक नसलेल्या त्रासाला मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. राजीनामा दबावाखाली दिला असा दावा कामगार कायद्याखाली मांडता येतो, पण तो रस्ता कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला आहे, व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला नाही. तुमचं पद 'अधिकारी' असलं तरी न्यायालय पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतं. तसा दावा करायचा विचार असेल तर राजीनामा देण्याआधीच वकिलांना तिन्ही मेल दाखवा, कारण एकदा दिलेल्या पत्रातले शब्द नंतर मागे घेणं अवघड असतं.

शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदावर सही मागतील. रकमेच्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार अथवा दावा शिल्लक नाही' असं छापलेलं असतं. तो कागद वाचल्याशिवाय सही नको. हरकत घेत नसतील तर ती ओळ खोडून बाजूला सही करा. खोडू देत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'वरील रक्कम मिळाली. माझ्या पूर्वीच्या मेलमधील मुद्दे व इतर हक्क राखून.' आणि त्या कागदाचा फोटो घेऊनच तो परत द्या.